प्रतिसाद: टँकर की बोअर, हजार लिटरमागे हिशोब

>> बोअर एकदा मारली की पाणी जवळपास फुकटच पडतं ना?

वीज स्वस्त पडते, हे खरं. शंभर मीटर खोलीवरून हजार लिटर वर आणायला साधारण पाऊण युनिट लागतं, म्हणजे सात-आठ रुपये. पण मोठा खर्च खोदाई, केसिंग, पंप आणि केबलचा. तो दोन लाख धरून दहा वर्षांत विभागला आणि दुरुस्ती वर्षाला दहा हजार धरली, तर वर्षाचे तीस हजार झाले. आता भागाकार वाचलेल्या टँकरच्या लिटरांनीच करा. नळाचं पाणी पुरतं त्या महिन्यांतला उपसा त्यात धरू नका. मार्च ते मे नव्वद दिवस रोज ५,००० लिटर मिळालं, तर विजेसह हजार लिटरमागे ७५ रुपयांच्या आसपास पडतं. दहा हजारांचा टँकर १,२०० ला असेल तर तो १२०. पण बोअर रोज १,००० वरच आली, तर हाच आकडा ३४० च्या वर जातो. बरोबरी साधायला रोज सुमारे ३,००० लिटर पाणी हवं.

पुण्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्येच असतं, त्यामुळे शेजारच्या दोन प्लॉटच्या बोअरमध्येही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खोदताना काँप्रेसरने उडालेलं ‘दोन इंची पाणी’ त्या दिवसाचंच असतं. म्हणून आसपासच्या सोसायट्यांत मे महिन्यातच विचारा, पंप किती वेळात हवा ओढायला लागतो आणि पुन्हा पाणी भरायला किती तास जातात.