मदत हवी आहे: सीईटीसाठी इंटिग्रेशनची १४ दिवसांची उजळणी कशी आखू?

पीसीएम_बारावी
बोर्डाची परीक्षा झाली, आता एमएचटी-सीईटी. इंटिग्रेशनसाठी रोज सकाळचे दोन तास राखून ठेवलेत, असे दोन आठवडे मिळतील. सूत्रं पाठ आहेत. प्रकरण उघडून बसलं की गणितं सुटतात, पण मिश्र पेपरात तेच गणित आलं की हात कुठून घालायचा ते सुचत नाही. उदाहरणार्थ, ∫ dx / (x(x⁵+1)). यात पार्शल फ्रॅक्शन करत बसलो आणि पान भरलं तरी उत्तर नाही. दिवस कसे वाटून घेऊ?

गणूमास्तर
प्रकरण उघडल्यावर गणित सुटतं, कारण स्वाध्यायाच्या मथळ्यातच पद्धत लिहिलेली असते. 'बाय पार्ट्स' वाचून बसलास की विचार करायचं काम आधीच झालेलं असतं. पेपरात तो मथळा नसतो. त्यामुळे प्रकरणांच्या क्रमाने चौदा दिवस घालवलेस तर जिथे अडतोयस तिथेच अडशील.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. पद्धत पहिल्या अर्ध्या मिनिटात सुचली नाही तर पुढचं गणित धावपळीत होतं.

पहिला दिवस: जुन्या पेपरांतून इंटिग्रेशनचे २५ मिश्र प्रश्न, घड्याळ लावून ४५ मिनिटं. उरलेल्या वेळात चुकलेल्या प्रत्येकापुढे कारण लिही: सुचलं नाही, सूत्र चुकलं, आकडेमोड चुकली, वेळ संपला. पुढचे दिवस यावर कमीजास्त करायचे.

दिवस २ ते ५: अनिश्चित संकलन. दुसऱ्या दिवशी सब्स्टिट्यूशन, तिसऱ्या दिवशी बाय पार्ट्स आणि e^x वाला प्रकार, चौथ्या दिवशी पार्शल फ्रॅक्शन व खाली वर्गपदी असलेली गणितं, पाचव्या दिवशी a + b cos x सारखी. पण रोजचा शेवटचा अर्धा तास 'पहिली ओळ' या सरावाला द्यायचा: आधीच्या सगळ्या दिवसांतली २० गणितं उलटसुलट करून घे, प्रत्येकाची फक्त पहिली पायरी लिही, पूर्ण सोडवू नकोस. मग उत्तरं उघडून ताडून बघ. त्यापुढे निश्चित संकलनाला चार दिवस, ते नंतर सांगतो.

तुझंच गणित घे. पार्शल फ्रॅक्शन करायला x⁵+1 चे अवयव पाडावे लागतात, तिथेच पान भरतं. खाली x आणि xⁿ+1 शेजारी शेजारी दिसले की वर-खाली xⁿ⁻¹ ने गुणायचं. इथे x⁴ ने गुणून x⁵ = t ठेव. उरतं (1/5) ∫ dt / (t(t+1)). आता पार्शल फ्रॅक्शन दोन ओळींत होतं आणि उत्तर (1/5) log |x⁵/(x⁵+1)| + c. म्हणजे तुझी पद्धत बरोबर होती, एक पायरी आधी वापरलीस.

वहीपेन
पायऱ्या व्यवस्थित लिही आणि + c विसरू नकोस, बोर्डात त्याचे गुण जातात.

गणूमास्तर
वहीपेन, त्याचं बोर्ड झालंय, इथे पर्याय निवडायचाय. पण c वरून एक कामाचं आठवलं. ∫ sin x cos x dx चं उत्तर sin²x/2 येईल, −cos²x/2 येईल किंवा −cos 2x/4. तिन्ही बरोबर, फरक फक्त स्थिरांकाचा. आपलं उत्तर पर्यायांत नाही म्हणून गणित पुन्हा पहिल्यापासून करायला घेऊ नये.

शॉर्टकट_किंग
निश्चित संकलनाला चार दिवस कशाला? 0 ते π/2 असेल आणि खाली sin, cos ची बेरीज असेल तर उत्तर π/4. अर्ध्या मिनिटाचं काम.

रेघोटी
अर्धं खरं आहे. x च्या जागी π/2 − x घातल्यावर मूळ आणि नवं मिळून बेरीज 1 होत असेल तरच π/4. √sin x / (√sin x + √cos x) मध्ये ती होते. पण sin²x / (sin x + cos x) घ्या. बेरजेत वर 1 येतो, खाली sin x + cos x तसंच राहतं, आणि उत्तर (1/√2) log(√2+1) येतं, साधारण 0.62. π/4 म्हणजे 0.785. पर्यायांत π/4 हमखास ठेवलेला असतो, तुमच्यासारख्यांसाठीच!

गणूमास्तर
म्हणूनच चार दिवस. सहावा दिवस नवं काही नाही, फक्त २ ते ५ मधली चुकलेली गणितं, उत्तर झाकून. सातव्या दिवशी मर्यादा बदलणं, आठ-नऊ गुणधर्म, दहाव्या दिवशी मापांक आणि सम-विषम फलं.

मर्यादा बदलण्याला अख्खा दिवस का, ते बघ. ∫ dx/(5+4cos x), 0 ते 2π. tan(x/2) = t ठेवलं की ∫ 2dt/(9+t²) मिळतं, छान. पण x = 0 ला t = 0 आणि x = 2π लाही t = 0, म्हणजे उत्तर शून्य! फल तर सगळीकडे धन आहे, शून्य येणारच नाही. मधे x = π ला tan(x/2) तुटतो, म्हणून थेट मर्यादा बदलता येत नाहीत. आधी 0 ते π ची दुप्पट करायची. मग t शून्यापासून अनंतापर्यंत जातो आणि 2π/3 मिळतं.

अकरावा दिवस क्षेत्रफळ. कच्ची आकृती काढल्याशिवाय हात लावू नकोस, वक्र अक्षाखाली गेला की चिन्ह चुकतं. बारा आणि तेराला पुन्हा २५ प्रश्न, ४५ मिनिटं. चौदाव्या दिवशी फक्त चुकांची वही.

रेघोटी
पर्यायांचं विकलन करून बघणं यात कुठेच नाही. ∫ eˣ(x−1)/(x+1)³ dx घ्या. x = 0 ला आतलं फल −1. eˣ/(x+1)² चं विकलन 0 ला 1 − 2 = −1, जुळलं. eˣ/(x+1) चं शून्य येतं, बाद. eˣ/(x+1)³ चं −2, तेही बाद. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, मग हे का सोडायचं?

गणूमास्तर
या गणितात x−1 म्हणजे (x+1)−2 हे दिसलं की f + f′ लगेच ओळखू येतं, त्याहून लवकर चार विकलनं होत नाहीत. अडलास तर वापर, पण पहिला उपाय म्हणून नको.

रेघोटी
दिसलं तर. धागाकर्त्याला दिसत नाही हीच तक्रार आहे ना? आणि चारही पर्यायांचं कुणी करत नाही, जुळला की थांबायचं.

पीसीएम_बारावी
पहिल्या दिवसाचे २५ केले. 'सुचलं नाही' पेक्षा 'आकडेमोड चुकली' जास्त निघालं, विशेषतः बाय पार्ट्समध्ये उणे चिन्ह. मग 'पहिली ओळ' कमी करू का?

गणूमास्तर
दहा गणितांवर आण. वाचलेल्या वेळात बाय पार्ट्सची रोज पाच पूर्ण सोडव. दुसऱ्या संकलनाभोवती कंस घालून मगच उणे चिन्ह आत ने, आणि आलेल्या उत्तराचं विकलन करून मूळ फल येतंय का बघ. तिसऱ्या दिवसापासून नको, उद्यापासूनच.

शॉर्टकट_किंग
0.62 वालं करून बघितलं, बरोबर आहे. पण तसं सीईटीत येतं का?