काझाजवळच्या होमस्टेसाठी सोलर : 20 अंश उतार पुरेल का?

कोथरूडकर : मंडळी, भाच्याने स्पितीत काझाजवळ होमस्टे चालवायला घेतलंय. मातीचं सपाट छत आहे. आमच्या पुण्यातल्या सोलरवाल्याने 8 पॅनेलचं कोटेशन दिलंय, उतार 20 अंश, खालची कड छतापासून फूटभर वर. भाचा म्हणतो, तिथे कधीकधी तीन फूट बर्फ साचतो. चालेल का हे?

वीजबिल_शून्य : अक्षांशाएवढा उतार द्यायचा, हा नियमच आहे. 20 बरोबर आहे.

स्ट्रक्चरवाला : नियम ठीक, पण अक्षांश पुण्याचा लावलात. काझा 32 अंशांवर आहे. त्यात हा नियम वर्षभराच्या विजेसाठी. थंडीतली वीज हवी तर आणखी 15 वाढवा, म्हणजे 45-50. एवढ्या उतारावर ऊन पडलं की काचेला चिकटलेला थर सुटतो आणि वरचा बर्फ घसरतो. 20 अंशांवर तो बसून राहतो, दिवसा पाझरतो, रात्री गोठतो.

पण काका, मला उतारापेक्षा त्या फूटभर उंचीची काळजी वाटते. घसरलेला बर्फ जातो कुठे? पायथ्याशी ढीग होतो. ढीग खालच्या कडेला टेकला की वरचा बर्फ अडतो आणि सगळा भार खालच्या फ्रेमवर येतो. अॅल्युमिनियमची कड वाकते, काच खोबणीतून निसटते. खालच्या फ्रेमला टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून बघा. मधे पोट आलं असेल तर सुरुवात झाली समजा. तीन फूट बर्फ पडत असेल तर कड चार फुटांवर हवी.

सिंहगडरोड_ताई : आमच्याकडे कबुतरांचा त्रास आहे, जाळी कोणती लावावी?

वीजबिल_शून्य : ताई, वेगळा धागा काढा. बर्फावर गरम पाणी ओतलं तर?

स्ट्रक्चरवाला : गारठलेली काच तडकेल. फावडंही नको, लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्या.

कोथरूडकर : आणि वजन? पॅनेलवर 5400 पास्कल लिहिलंय.

स्ट्रक्चरवाला : ते चौरस मीटरला साधारण 550 किलो, पण चाचणीतलं. दीडपट सूट काढली की 3600, म्हणजे 367 किलो. दबून बसलेला बर्फ घनमीटरला 250 किलो धरा. तीन फुटांचे चौरस मीटरला सव्वादोनशे झाले. पॅनेल टिकेल, पण क्लॅम्प कंपनीच्या कागदात दाखवलेल्या जागीच हवेत, नाहीतर तो आकडा धरू नका. छताचं मात्र मी इथे बसून सांगणार नाही. मातीच्या छतावरचा बर्फ लोक फावड्याने काढतात, पॅनेलच्या पायांमुळे ते अडेल. अंगणात जमिनीवर उभं करा, आणि घसरणारा बर्फ दारापुढे पडणार नाही असं बघा.

वीजबिल_शून्य : 50 अंशांवर वारा पकडेल की. पाया खोल लागेल, खर्च वाढेल.

स्ट्रक्चरवाला : हे खरं. त्याचं गणित तिथल्या माणसाकडूनच करून घ्या.

कोथरूडकर : भाच्याला फोन केला. अंगणात डिसेंबरात दोन वाजताच डोंगराची सावली येते म्हणे. छतावर मात्र चारपर्यंत ऊन असतं. आता?