मदत हवी आहे: कांदा-लसूण नसलेला टोमॅटोचा रस्सा आंबट आणि पाणचट होतो

पालवी:
सासूबाई चातुर्मास पाळतात, त्यामुळे कांदेनवमीची भजी खाऊन झाली की कार्तिकी एकादशीपर्यंत आमच्या घरात कांदा-लसूण बंद. आमटी, उसळी, पालेभाज्या यांचं काही अडत नाही. अडतं ते श्रावणी सोमवारी संध्याकाळी उपास सोडताना. दिवसभर पोटात फारसं काही नसतं, म्हणून पोळीबरोबर चांगली चमचमीत रसभाजी हवी असते.

मी असं करते: तेलात मोहरी, जिरं, चिमूटभर हिंग. मग बारीक चिरलेले टोमॅटो दोन-तीन मिनिटं परतते. हळद, तिखट, गरम मसाला. मग बटाटा, फ्लॉवर, मटार आणि पाणी घालून झाकण. रस्सा आंबट लागतो, ताटात वाढला की पाणी वेगळं धावतं आणि सालं तरंगतात. बटाटे कधीकधी कच्चट राहतात. हिंग वाढवून पाहिला तर भाजी कडवट लागली. चार माणसांचं प्रमाण सांगाल का? वांगं नको, तेही चातुर्मासात बंद आहे.

शेवग्याची_शेंग:
उपासाला टोमॅटो, हिंग, हळद, मोहरी यातलं काहीच चालत नाही हो! तुपात जिरं आणि हिरवी मिरची घाला, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, मीठ, चवीला साखर. झाली भाजी. फ्लॉवर-मटार तर उपासाला कुणीच खात नाही.

पालवी:
ताई, उपासाची नाही, उपास सोडतानाची भाजी विचारते आहे. तेव्हा पानात वरण-भात, पोळी सगळं असतं, फक्त कांदा-लसूण नाही.

शेवग्याची_शेंग:
अच्छा. मी शीर्षक घाईत वाचलं. तरी कूट घाला, कूट कशातही चांगलं लागतं.

झणझणीत:
आंबट लागतं तर चमचाभर साखर टाका, विषय संपला. आणि कुकरला लावा. दोन शिट्यांत बटाटाही शिजतो, टोमॅटोही गळतो.

पाटावरवंटा:
झणझणीत, बटाट्यापुरतं तुमचं बरोबर आहे. रस्सा मात्र कुकरमध्ये आणखी पातळ होईल, कारण टोमॅटोचं पाणी उडायला वाटच नाही. साखरेने आंबटपणा थोडा झाकला जातो, पण कच्च्या टोमॅटोचा वास तसाच राहतो. मग भाजी आंबटगोड आणि कच्ची लागते. ती जास्त वाईट.

पालवी, कांदा रश्शात दोन कामं करतो. परतल्यावर गोडी देतो आणि रश्शाला अंग देतो. लसूण उग्र वास देतो. तुम्ही दोन्ही काढले आणि त्यांच्या जागी दोन-तीन मिनिटं परतलेला टोमॅटो ठेवला. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, ते सगळं रश्शात उतरतंय. म्हणून आधी टोमॅटो नीट आटवायचा. गोडी त्यातूनच निम्मी मिळते, अंगासाठी वाटण लागतं आणि उग्र वासासाठी हिंग आहे.

चार माणसांना चार मध्यम टोमॅटो घ्या, साधारण 400 ग्रॅम. लांबट, गर जास्त असलेले बरे. गावरान टोमॅटोला चव असते, पण तो आंबटही जास्त असतो. साल आवडत नसेल तर टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसा, साल हातात राहते. बियांभोवतीचा बुळबुळीत रस फेकू नका. टोमॅटोची चव त्यातच जास्त असते, लोक उगाच काढून टाकतात.

कढईत दोन मोठे चमचे तेल. मोहरी तडतडली, जिरं फुललं की आच मंद करा आणि हिंग घाला. पाच-सहा सेकंदांत त्याचा उग्र दर्प जाऊन खमंग वास येतो. लगेच चमचाभर किसलेलं आलं आणि पाठोपाठ किसलेला टोमॅटो, अर्धा चमचा मीठ. टोमॅटो पडला की तेलाचा ताव उतरतो आणि हिंग जळत नाही. तुमचा कडवटपणा तिथलाच असणार: धूर निघणाऱ्या तेलात हिंग पडला की तो काळा होतो, आणि जितका जास्त घालाल तितका कडू.

आता मध्यम आचेवर झाकण न ठेवता आटवा. दहा-बारा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा कढईकडे बघा आणि कान द्या. सुरुवातीला फदफद उडतं, पाणी सरलं की आवाज बदलून चरचर ऐकू येते. चमचा फिरवला की तळाशी रेघ राहते, ती लगेच भरून येत नाही. कडेने तेल दिसतं, रंग लाल-विटकरी होतो. इतकं झाल्याशिवाय मसाला घालायचा नाही.

झणझणीत:
दहा-बारा मिनिटं? सोमवारी ऑफिसातून आल्यावर?

पाटावरवंटा:
तेवढ्यात बटाटे शिजवा ना. टोमॅटोच्या आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, म्हणून पालवींचा कच्चट राहतो. फोडी वेगळ्या वाफवून घ्या, थोड्या कमी शिजलेल्या चालतील. रविवारी टोमॅटो आटवून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतं. सोमवारी फक्त फोडणी करून त्यात तो घालायचा.

पालवी:
आलं कळलं. वाटण कशाचं करू? आणि हिंग नेमका किती? प्रत्येक जण 'चिमूट' म्हणतो, कुणाची चिमूट किती कोण जाणे.

पाटावरवंटा:
हिंगाचं प्रमाण डबीवर ठरतं. आपण घरी वापरतो तो बहुतेक बांधणी हिंग. खऱ्या हिंगाचा चीक फार जहाल असतो, म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळून पूड करतात, आणि कुठे किती मिसळलंय ते डबीगणिक वेगळं. साध्या बांधणी हिंगाची पूड चार माणसांच्या रश्शाला पाव चहाचा चमचा घालून बघा. कांदा-लसूण आहे तेव्हा चिमूट पुरते, इथे हिंगालाच पुढे यायचंय. खडा हिंग असेल तर मुगाच्या दाण्याएवढा खडा तेलात तळायचा, तो फुलतो. मग कुस्करून परत त्यातच घालायचा. त्याहून जास्त नको, भाजीला औषधाचा वास येतो.

वाटणाला दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, एक चमचा भाजलेले तीळ, दोन चमचे भाजलेलं सुकं खोबरं. थोडं पाणी घालून अगदी गंध वाटा. तळाशी पाणी वेगळं सुटतं ते याने थांबेल. भरड राहिलं तर रस्सा चरबरीत लागतो आणि पाणीही पुन्हा वेगळं होतं.

मसाला म्हणजे पाव चमचा हळद, दीड चमचा लाल तिखट, दीड चमचा धणे-जिरे पूड, एक चमचा गोडा मसाला. हे सगळं तीन चमचे पाण्यात कालवून आटलेल्या टोमॅटोत घाला, कोरडं घातलं तर तळाला लागतं. मिनिटभर परतलं की वाटण. पुन्हा तेल सुटेपर्यंत परता. मग फ्लॉवर, मटार, दीड वाटी गरम पाणी आणि सुपारीएवढा गूळ. फ्लॉवर शिजत आला की बटाटे घालून पाच मिनिटं मंद उकळी. मीठ शेवटी चाखूनच वाढवा, अर्धा चमचा आधी पडलेला आहे.

शेवग्याची_शेंग:
बघा, कूट आलंच!

गव्हाशिवाय:
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या मुलाला गहू बंद आहे. कांदा-लसणाशी आमचं वैर नाही, पण एका पाहुण्यांसाठी अशीच भाजी करायची आहे. बांधणी हिंगात पीठ असतं म्हणालात, ते कुठलं?

पाटावरवंटा:
बऱ्याच डब्यांत गव्हाचंच असतं, काहींत तांदळाचं. डबीवरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. खडा म्हणून विकतात तोही कधी बांधलेला असतो, नुसता खडा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. मुलाचा प्रश्न आहे, खात्री नसेल तर हिंग वगळा आणि आलं दुप्पट करा. चव वेगळी येईल, वाईट नाही येणार.

वेलदोडा:
आम्ही जैन. आमच्याकडे बटाटा आणि आलंही नाही. बटाट्याऐवजी कच्चं केळं वाफवून शेवटी घालतो, आल्याऐवजी पाव चमचा सुंठ पूड मसाल्याबरोबर कालवतो. सुंठ जास्त झाली तर घशात टोचते. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. हिंग फोडणीत घातला की बारा मिनिटं आटवताना त्याचा वास बराच उडून जातो. आमच्याकडे अर्धा हिंग फोडणीत आणि अर्धा चमचाभर तुपात परतून अगदी शेवटी वरून घालतात.

पाटावरवंटा:
मला वरचा हिंग थोडा कच्चट लागतो. पण तुपात नीट परतला असेल तर तसा लागू नये. आमच्या घरातही यावर दोन तट आहेत.

झणझणीत:
बाजारचा तयार मसाला टाकला तर एवढा खटाटोप वाचेल की.

वेलदोडा:
टाका, पण पाकीट उलटून घटक वाचून. भाजीच्या बऱ्याच तयार मसाल्यांत कांदा-लसणाची पूड असते, कोल्हापुरी पद्धतीच्या कांदा-लसूण मसाल्यात तर ती असणारच. पाव भाजी, छोले वगैरेंची पाकिटं सगळ्यात फसवी. गोडा मसाला बहुधा चालतो, तरी विकतचा असेल तर वाचायचाच.

पालवी:
आज सोमवार नव्हता तरी करून पाहिली. टोमॅटो आटवायला तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, बहुतेक माझी कढई खोल आणि अरुंद आहे म्हणून. पण चरचर आवाज खरंच कळतो. पाणी वेगळं सुटलं नाही, बटाटेही शिजले. सासूबाईंनी विचारलं, यात चोरून कांदा घातला नाहीस ना. फक्त रंग थोडा मातकट आला, लाल नाही.

पाटावरवंटा:
मातकट रंग तिळाचा आणि गोड्या मसाल्याचा. पुढच्या वेळी तिखटातलं अर्धं काश्मिरी घ्या आणि तीळ कमी करून खोबरं वाढवा. पसरट कढई असेल तर आटवायला तीच काढा.

शेवग्याची_शेंग:
तीळ पूर्ण काढून कूटच वाढवलं तर?

वेलदोडा:
मग ती दाण्याची आमटी होईल, ताई. चांगली लागेल, पण पालवींनी विचारलेली भाजी नाही.

पालवी:
अजून एक राहिलं. गौरीजेवणाला हीच भाजी पंचवीस माणसांना करायची झाली तर हिंगही सहापट का?

पाटावरवंटा:
नाही. टोमॅटो, वाटण, भाज्या सहापट. हिंग, तिखट आणि मीठ आधी चौपट घाला, चाखा, मग वाढवा. तेलही सहापट लागत नाही. टोमॅटो मात्र दोन कढयांत वाटून आटवा, एकाच पातेल्यात अडीच किलो घातलात तर तो बराच वेळ नुसता उकळत राहील.