पाऊस घातला आणि पाण्याच्या पाळ्यांचे चिन्ह उलटले: गुणांक टाकावा की ठेवावा?

लातूरचा विद्यार्थी: सोयाबीनच्या एकरी उताऱ्यावर पाण्याच्या पाळ्यांचा गुणांक उणे आला, आणि त्याच रिग्रेशनमध्ये हंगामाचा पाऊस घातल्यावर तो अधिक झाला. एवढ्याशा बदलाने उलटणाऱ्या गुणांकावर विश्वास ठेवू नये आणि पाऊस काढून टाकावा, असे माझे मत आहे. पटते का?

आकडेमोड: मला पटत नाही. समजावण्यासाठी मी चार वावरांचे आकडे रचतो. पहिल्या दोन वावरांवर 400 मिमी पाऊस झाला, तिथे 3 आणि 4 पाळ्या दिल्या आणि उतारा 5 आणि 6 क्विंटल आला. उरलेल्या दोन वावरांवर 800 मिमी पाऊस झाला, तिथे 0 आणि 1 पाळी दिली आणि उतारा 8 आणि 9 क्विंटल आला. पावसाचा रकाना हाताने झाकून रेषा काढली, तर दर पाळीमागे उतारा 0.8 क्विंटलने घटतो. आता फक्त पहिली दोन वावरे पाहा: एक पाळी वाढली आणि उतारा एका क्विंटलने वाढला. पुढच्या दोन वावरांतही तेच दिसते.

पाऊस रुसला म्हणूनच शेतकऱ्याने मोटार चालवली, त्यामुळे या आकड्यांत एक पाळी जास्त म्हणजे सरासरी 120 मिमी पाऊस कमी, असे नाते बसले आहे. दर 100 मिमी पावसाची किंमत इथे 1.5 क्विंटल आहे, म्हणजे 120 मिमीची 1.8 क्विंटल. पाळीचा स्वतःचा फायदा 1, त्यातून 1.8 गेले, उरले −0.8. पावसाचेही तसेच झाले आहे: एकटा घेतला तर 100 मिमीमागे 0.75 क्विंटल, आणि पाळ्या सोबत घेतल्या तर 1.5. दोघेही एकमेकांचा परिणाम दाबून बसले होते, अशा चलाला सप्रेसर म्हणतात.

सांख्यिकीवाला: तुमच्याच आकड्यांत पाऊस आणि पाळ्यांचा सहसंबंध −0.95 आहे आणि या गुंत्याने गुणांकाची अनिश्चितता किती फुगली ते सांगणारा VIF 10 येतो. एवढे गुंतलेले दोन चल एकत्र ठेवले की चिन्ह उलटणारच, म्हणून एक काढावा, असेच आम्हांला शिकवले आहे.

आकडेमोड: अर्धे खरे आहे. VIF 10 असेल तर प्रमाण त्रुटी तिपटीहून थोडी जास्त फुगते, आणि खऱ्या, खडबडीत आकड्यांत चिन्ह केवळ योगायोगानेही उलटू शकते. पण अंदाज डळमळीत असणे वेगळे आणि तो एका बाजूला झुकलेला असणे वेगळे. पाऊस काढलात तर तुम्हांला −0.8 कदाचित अधिक नेमकेपणाने मिळेल, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असेल. शंका असेल तर सारखा पाऊस झालेली वावरे एकत्र करून प्रत्येक गटातल्या रेषेचा उतार पाहावा, आणि नमुना पुन्हापुन्हा उचलून चिन्ह किती वेळा टिकते ते मोजावे.

बांधावरून: मी औसा तालुक्यातला आहे. आमच्या काळ्या रानात दाणे भरताना एक पाळी दिली तर सोने होते, पण पाऊस झाल्यावर पुन्हा पाणी दिले तर पीक पिवळे पडते. त्यामुळे पाळीचा गुणांक उणे येण्यात मला नवल वाटत नाही, तुम्ही उगाच पावसाला दोष देता.

आकडेमोड: तुम्ही सांगता तो परिणाम खरा आहे, पण तो वेगळा मुद्दा आहे: पाळीचा फायदा पावसानुसार बदलतो, आणि एकाच सरळ रेषेत तो मावत नाही. त्यासाठी पाऊस आणि पाळ्यांचा गुणाकार मॉडेलमध्ये घालून पाहावा लागेल.

शब्दांचा आग्रही: माझी हरकत नावाला आहे. 1941 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल हॉर्स्ट यांनी सप्रेसर म्हटले ते अशा चलाला, ज्याचा उताऱ्याशी स्वतःचा संबंध जवळपास शून्य असतो. जमिनीतला ओलावा मोजणारे यंत्र क्षारांनीही फसते. क्षार इतके कमी आहेत की पिकाला काही फरक पडत नाही, असे धरा. तरीही यंत्राच्या नोंदीसोबत क्षारांचे प्रमाण घातले की त्याला उणे गुणांक मिळतो, कारण ते नोंदीतला खोटा भाग वजा करते, आणि यंत्राचा गुणांक वाढतो. तिथे चिन्ह उलटत नाही. तुमचा पाऊस तर उताऱ्याशी 0.95 इतका जोडलेला आहे. तो गोंधळ घालणारा चल आहे, सप्रेसर नव्हे.

आकडेमोड: गणित दोन्हीकडे एकच चालते, म्हणून पुढे या शब्दाचा अर्थ रुंदावला. पण फक्त आकडे पाहून दोघांत फरक करता येत नाही, हे मान्य. पाऊस पाळीच्या आधी येतो, म्हणून तो घालणे योग्य आहे. पाणी दिल्यानंतरचा ओलावा घातला असता, तर पाळीचा स्वतःचाच परिणाम पुसला गेला असता.

लातूरचा विद्यार्थी: एक अडचण सांगतो. माझा पाऊस वावरावरचा नाही, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा आहे.

आकडेमोड: मग खऱ्या पावसाचा काही भाग अजून पाळ्यांच्याच अंगावर आहे, आणि तुमचा गुणांक कच्च्या उणे आकड्याकडे ओढलेला असण्याची शक्यता आहे.

लातूरचा विद्यार्थी: गट करून पाहिले. कमी पावसाच्या गटात चिन्ह अधिक आहे. जास्त पावसाच्या गटात पाचच वावरे आहेत, आणि तिथे ते उणे आहे.

बांधावरून: त्या पाचांत काळे रान किती आहे ते आधी बघा.