दिवाळीची जाहिरात: गणपतीपासून की दसऱ्यानंतर? आणि थांबायचं कधी?

बजाजनगरवाली
नागपूरच्या बजाजनगरला छोटं दुकान आहे. कुर्ती, ड्रेस मटेरियल, थोड्या साड्या. मी आणि मदतीला दोन मुली. गेल्या वर्षी गणपतीतच ‘दिवाळी धमाका’ लावला, सगळ्यावर १० टक्के सूट, इन्स्टावर रोज थोडे थोडे पैसे. लोक आले, बघून गेले. धनत्रयोदशीला खरी गर्दी झाली तोवर जाहिरातीचे पैसे संपले होते, आणि कुर्त्यांमध्ये एल, एक्सएल शिल्लक नव्हते. यंदा जाहिरातीला २४,००० बाजूला काढलेत. कुठल्या आठवड्यात सुरू करू आणि कुठल्या आठवड्यात थांबू?

इतवारी ठोक
ताई, पोळा झाला की सुरू करा. उशीर काहून करता? माझ्याकडून जे दुकानदार लवकर माल उचलून राहिले, त्यांना रंग भरपूर भेटतात. शेवटी येणाऱ्यांना उरलंसुरलं. माल दुकानात आला की दाखवावाच लागते ना. जो आधी दिसला, तो लक्षात राहिला.

महालचा गल्ला
ठोकवाले भाऊ माल उचलण्याचं सांगतायत, ताई विचारतायत जाहिरातीचं. माल लवकर घ्याच, त्यात वाद नाही. पण घेतला म्हणून लगेच ओरडत सुटायचं कारण नाही.

गेल्या वर्षीची वही काढा आणि इंग्रजी तारखा विसरा. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा अधिक मासामुळे ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे गेल्या वर्षीचा १० ऑक्टोबर म्हणजे यंदाचा २८ ऑक्टोबर. वहीतल्या प्रत्येक दिवसापुढे ‘लक्ष्मीपूजनाला इतके दिवस बाकी’ असं लिहा, मगच दोन वर्षं शेजारी ठेवता येतील.

पण नुसते दिवस मोजून भागत नाही, पगार कुठे पडतो तेही बघा. गेल्या वर्षी १ तारखेचा पगार आणि दिवाळी यांच्यात वीस दिवस होते. घरभाडं, किराणा, मुलांची फी जाऊन उरलेल्यात किंवा बोनसमध्ये कपडे झाले. यंदा पगारानंतर सातव्या दिवशी लक्ष्मीपूजन. त्यामुळे माझा अंदाज असा की पगारदार गिऱ्हाईक ३१ ऑक्टोबरपर्यंत बघत फिरेल आणि १ ते ७ नोव्हेंबरमध्ये एकदम तुटून पडेल. मी २४,००० असे वाटले असते:

गणपतीचे दिवस (१४ ते २५ सप्टेंबर) २,००० रुपये, फक्त ड्रेस मटेरियलवर. पितृपक्षात (२७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर) शून्य. नवरात्रात, ११ ऑक्टोबरपासून दसऱ्यापर्यंत, ६,००० आणि तेही मटेरियलवरच, कारण शिवायला वेळ लागतो. २१ ते ३० ऑक्टोबर ४,००० रेडिमेड कुर्तीवर. ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर १०,०००. मग थांबायचं. पाडवा १० ला आणि भाऊबीज ११ ला आहे, त्या साड्यांसाठी शेवटचे २,००० राखून ठेवायचे. यंदा लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज यांच्यात मोकळा दिवस आहे, ओवाळणीची साडी घ्यायला तेवढ्यात लोक येतात.

फराळवाली काकू
मी ऑर्डर घेणं दहा दिवस आधी बंद करते. गेल्या वर्षी नाही म्हणवलं नाही, आणि चकल्या रात्री दोनपर्यंत तळत बसले. शेवटच्या घाण्याला भाजणीच चुकली, एका घरी मऊ चकल्या गेल्या. ती बाई अजून बोलत नाही. तुम्हीही ऑर्डर घेणं वेळेत बंद करा गं.

बजाजनगरवाली
काकू, माझं तयार मालाचं दुकान आहे, ऑर्डर नसतात. पण चकल्यांचं वाईट वाटलं.

गोकुळपेठ बुटीक
गल्लावाले काका, बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या आठवड्यात १०,००० हे उलटं आहे. त्या आठवड्यात मोठमोठे ब्रँडही त्याच मोबाईलवर जाहिरात लावतात. बोली वाढते, त्याच पैशात कमी जणांना दिसते. आणि ताईंच्या दुकानात तिघीच आहेत. संध्याकाळी सहा ते नऊ एका मुलीला किती गिऱ्हाइकं झेपणार? मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. जाहिरात बघून बायका आल्या, ट्रायल रूम एकच, बाहेर रांग. तिघी-चौघींचा घोळका दारातूनच परत जायचा. पैसे देऊन गर्दी बोलावली आणि दारातून परत पाठवली.

मी ते १०,००० आधी, २१ ते ३० ऑक्टोबरमध्येच घालीन. बोनसवाले तेव्हाच खरेदी करतात, आणि पगारवाल्यांच्या डोक्यात दुकान आधीच बसतं.

महालचा गल्ला
परत गेलेल्यांचा मुद्दा बरोबर आहे, मी तो धरलाच नव्हता. माझ्याकडे कामाला सात माणसं आहेत. ताईंनी कॅलेंडरच्या मागे तीन रेघा ओढाव्यात: आत आले, बिल केलं, बघून किंवा थांबून परत गेले. मुलीने गल्ल्याशेजारी बसून नुसत्या उभ्या काड्या मारायच्या. तिसऱ्या रकान्याच्या काड्या दुसऱ्याच्या निम्म्यावर गेल्या की त्या दिवसाची जाहिरात बंद. जाहिरात हा नळ आहे, घागर भरल्यावरही चालू ठेवायचा नसतो.

पण रक्कम पूर्ण आधी खेचू नका. बोनस सगळ्यांना मिळत नाही. बजाजनगरच्या आसपास शिकवणी घेणारे, खासगी शाळेतले, भाड्याने राहणारी मुलं पुष्कळ. ते पगारावरच चालतात. ७,००० आधी, ७,००० नंतर, इतपत मी सरकेन.

गोकुळपेठ बुटीक
नंतर ३,००० पुरेत. त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट करा, फुकट आहे.

महालचा गल्ला
ब्रॉडकास्ट ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. जुनी गिऱ्हाइकं त्याने येतील, नवी कशी येणार?

मशीनवर बसलेला
मी शिलाईचं काम करतो, खामल्याला. काका म्हणाले मटेरियल दसऱ्यापर्यंत. आमच्याकडे तसं होत नाही. ब्लाऊज आणि ड्रेस मी दिवाळीच्या वीस दिवस आधी घेणं बंद करतो. ८ नोव्हेंबरचे वीस दिवस मागे गेलात तर १९ ऑक्टोबर. ती शेवटची तारीख, आणि त्या दिवशी जे येतात त्यांना मी ‘बघतो’ म्हणतो, ‘देतो’ म्हणत नाही. अस्तर लावायचं असेल तर आणखी आधी. नवरात्रात जो ड्रेस घेतो तो गरब्यासाठीच घेतो, त्याला चार दिवसांत हवा असतो, त्यामुळे दिवाळीचा कपडा मागे पडतो. मटेरियलवाल्यांनी गणपतीतच घेतलेलं बरं.

महालचा गल्ला
मग माझा वाटा उलटा होतो. मटेरियल गणपतीत ४,०००, नवरात्रात ४,०००, आणि ते ११ ते १७ ऑक्टोबरमध्येच. शिवाय ताई बजाजनगरला आहेत, दीक्षाभूमीजवळ. दसरा २० ऑक्टोबरला, आधीपासून गर्दी आणि रस्ते वळवलेले. १९-२० ला लांबच्या गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणून बोलावण्यात अर्थ नाही. गाडी लावायला जागा मिळाली नाही की ते चिडून सरळ बर्डीला जातं. पायी येणाऱ्यांसाठी पांढऱ्या साड्या, पांढऱ्या कुर्त्या मात्र बाहेर लावा, त्याला जाहिरात लागत नाही.

इतवारी ठोक
म्हणजे पितृपक्षात सगळे हात बांधून बसून राहणार? माझ्याकडे त्या पंधरवड्यात गोदाम रिकामं राहते म्हणून नाही सांगून राहिलो, पण आता नवी पिढी पितर मानते कुठं?

महालचा गल्ला
गोदामासाठीच सांगताय हो. आपल्याकडे नवे कपडे त्या दिवसांत घेत नाहीत असं अजून पुष्कळ घरांत आहे, आणि कपडा निवडणारी बहुधा सासू असते. पैसे टाकू नका, पण बसूही नका. कुर्त्या घालून फोटो काढा, साईजप्रमाणे मोजदाद करा, नंबर सेव्ह करून घ्या.

बजाजनगरवाली
सूट कधी लावू आणि कधी काढू? तेच मला सगळ्यात समजत नाही.

महालचा गल्ला
एक कुर्ती घ्या, ९०० ची, आत ६०० ला पडलेली. एका नगामागे ३०० सुटतात. १० टक्के सूट म्हणजे ९० गेले, राहिले २१०. दहा कुर्त्या विकून जे ३,००० यायचे, त्यासाठी आता १५ विकाव्या लागतात. २१ ते ३० ऑक्टोबरमध्ये, जेव्हा लोक अजून ठरवत असतात, तेव्हा त्या पाच जास्त विकल्या जाऊ शकतात. १ नोव्हेंबरनंतर ती बाई घ्यायलाच आलेली असते, तिला सूट दिली म्हणजे स्वतःच्या खिशातले ९० दिले. म्हणून सूट ३० ला काढा, आणि ‘३० तारखेपर्यंतच’ हे पहिल्या दिवसापासून लिहा.

गोकुळपेठ बुटीक
काका, हे कागदावर बरोबर. माझ्या शेजारचं दुकान शेवटच्या दिवसापर्यंत १५ टक्के लावतं. दारात उभी राहून बाई विचारते, ‘तिकडे आहे, तुमच्याकडे नाही?’ तेव्हा काय सांगायचं?

महालचा गल्ला
तिला फॉल-बिडिंग करून द्या, किंवा लहान मुलाचा रुमाल. ९० पेक्षा स्वस्त पडतं.

गोकुळपेठ बुटीक
पटलं नाही. रुमालाने कोणी थांबत नाही.

मशीनवर बसलेला
फॉल-बिडिंग शेवटच्या आठवड्यात कोण करून देणार? मला सांगू नका.

बजाजनगरवाली
सगळ्यांचं वाचून एवढं ठरवलं. गणपतीत ४,००० मटेरियलवर, पितृपक्षात फक्त फोटो आणि नंबर, ११ ते १७ ऑक्टोबर ४,०००. २१ ते ३० मध्ये ७,००० आणि १० टक्के सूट, फक्त कुर्त्यांवर. ३१ पासून सूट काढून ६,०००, रोज संध्याकाळी काड्या मोजून. कुठल्याही डिझाईनचे एल आणि एक्सएल दोन्ही संपले की त्याचा फोटो त्याच दिवशी काढून टाकणार. गेल्या वर्षी त्यावरूनच दोन बायका भांडल्या होत्या, ‘फोटोत दाखवता आणि देत नाही’. उरलेले ३,००० भाऊबीजेच्या साड्यांना.

शेजारच्या दुकानाने सूट लावली तर काय करायचं ते अजून कळत नाही. माझ्या समोरचा तर बाराही महिने ‘सेल’ची पाटी उतरवत नाही.