‘व्हेपर बॅरियर’ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्याची ‘उबदार बाजू’ कुठली?

मृणाल
घराच्या इन्सुलेशनवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणते आहे. मूळ कॅनडातली, वाचणारे मात्र कोकणापासून विदर्भापर्यंतचे. दोन ठिकाणी अडलंय. पहिलं म्हणजे ‘व्हेपर बॅरियर’. ‘वाफरोधक’ लिहिलं की इडलीपात्राचं झाकण डोळ्यांसमोर येतं. दुसरं, ‘बॅरियर इन्सुलेशनच्या उबदार बाजूला लावावा’ असं एक वाक्य आहे आणि खालच्या चित्रात तो खोलीच्या बाजूला दाखवलाय. रत्नागिरीच्या वाचकाने ते चित्र जसंच्या तसं उतरवलं तर चालेल का?

दर्यावर्दी
सरळ ‘ओलरोधक’ म्हणा की. जोत्यावर ओल वर चढू नये म्हणून डीपीसीचा थर घालतात तेच ना हे? आणि विषय निघालाच आहे तर, आमची पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर आतून ओली असते, पोपडे धरते. तिला आतून हा बॅरियर मारला तर थांबेल का?

ओळंबा
‘ओलरोधक’ नको, घोटाळा होईल. ओल म्हणजे पाणी. ते जोत्यातून वर चढतं, भेगेतून पाझरतं, हाताला लागतं. डीपीसी अडवतो ते हे. व्हेपर बॅरियर अडवतो ते हवेतलं न दिसणारं पाणी, जे कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या प्लास्टरमधूनही पलीकडे जातं. ‘वाफ’ही टाळा. वाफ ऐकलं की काहीतरी तापलेलं वाटतं, आणि हा प्रकार उणे २० अंशांतही चालतो. ‘बाष्प’च बरं.

दर्यावर्दी, तुमची भिंत बहुतेक पावसाने भिजते आहे. बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, खिडकीवरचा छज्जा आणि त्याच्या खालची पाणी ठिबकवणारी खाच आधी बघा. आतून प्लॅस्टिक मारलंत तर भिंतीला वाळायला खोलीची जी एक वाट उरली आहे तीही बंद होईल. खात्री करायची तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय.

टोरांटोकर
मृणाल, चित्र बरोबरच आहे. बॅरियर नेहमी आतूनच. भिंतीच्या उभ्या लाकडी पट्ट्यांत, म्हणजे स्टडमध्ये, ग्लासवूल भरायचं, त्यावर ०.१५ मिलिमीटरचं पॉलिथिन, दोन पट्ट्यांचा जोड स्टडवर आणून १५० मिलिमीटर एकमेकांवर चढवायचा, मग जिप्सम बोर्ड. इथे इन्स्पेक्टर हे बघितल्याशिवाय बोर्ड लावू देत नाही. शास्त्र एकच असताना देश बदलला म्हणून बाजू कशी बदलेल?

ओळंबा
तेच शास्त्र दोन्हीकडे लावून बघू. आधी तुमच्याकडचं. जानेवारीतलं विनिपेग घ्या. घरात २१ अंश, आर्द्रता ४० टक्के. अशा हवेचा दवबिंदू सुमारे ७ अंश, म्हणजे ७ किंवा त्याहून थंड जागी ती पोचली की तिला घाम फुटणार. बाहेर उणे २०. भिंतीच्या जाडीत ४१ अंशांचा उतार आहे आणि २१ वरून ७ पर्यंत यायला १४ अंश लागतात. म्हणजे इन्सुलेशनचा आतला एक तृतीयांश भाग सुरक्षित, त्यापुढे दव आणि शेवटी हिम. म्हणून बाष्प त्या पहिल्या तृतीयांशातच अडवायचं. कॅनडातले सुतार ‘एक तृतीयांश–दोन तृतीयांश’ म्हणतात ते याच हिशेबाने. घरात आर्द्रता वाढली किंवा बाहेर उणे ३५ झालं तर तो तृतीयांशही आक्रसतो. न अडवलेलं बाष्प बाहेरच्या फळीच्या आतल्या अंगाला हिम होऊन साचत राहतं आणि मार्च-एप्रिलमध्ये वितळतं. पाऊस नसताना भिंत गळते ती तेव्हा. माळ्यावर चढून पाहिलंत तर छपराच्या खिळ्यांच्या टोकांवर हिमाचे पांढरे बोंडे दिसतात. ती पहिली खूण.

आता जुलैतली रत्नागिरी. बाहेर ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के, दवबिंदू २७ अंशांच्या जरा वर. आत एसी लावून २४ अंश. म्हणजे खोलीचा आतला पृष्ठभागच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूखाली आहे. तिथे पॉलिथिन, व्हायनिल वॉलपेपर किंवा ऑइलपेंट असेल तर बाहेरून आलेलं बाष्प त्याच्या मागे जाऊन अडतं आणि तिथेच पाणी होतं. ते पाणी खोलीतून दिसत नाही. फ्लोरिडातल्या हॉटेलांनी या वॉलपेपरपायी भरपूर नुकसान सोसलंय. कागदावर आधी गुलाबी-जांभळे डाग उमटतात, कोपरा उचकटला की मागे काळी बुरशी आणि बोटाने खरवडता येईल असा मऊ झालेला बोर्ड.

यात एक गंमत आहे. विनिपेगला तापमानाचा फरक ४१ अंश आणि रत्नागिरीला फक्त ६, तरी बाष्पाचा रेटा रत्नागिरीला दुप्पट आहे. विनिपेगला आत-बाहेरच्या बाष्पदाबात सुमारे ०.९ किलोपास्कलचा फरक, रत्नागिरीला सुमारे २. कारण उणे २० च्या हवेत पाणी जवळजवळ नसतंच आणि आतली हवाही तशी कोरडीच. जुलैतली कोकणी हवा मात्र पाण्याने ठासून भरलेली. ‘आमच्याकडे कुठे थंडी असते, आम्हाला कशाला बाष्पाची काळजी’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

शीतगृह
कोल्ड स्टोरेजच्या धंद्यात हा वाद कधी होतच नाही. नाशिकला द्राक्षांच्या खोलीत शून्याच्या आसपास तापमान असतं, म्हणजे आत बारा महिने थंड. बॅरियर बाहेरून. आता दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पफ पॅनल आले, त्यांचा बाहेरचा पत्राच बॅरियर. पण जोड सील करायचे ते बाहेरच्या अंगाने. कारागीर आतून सिलिकॉन मारून मोकळे होतात, आत दिसायला छान दिसतं म्हणून. दोन हंगामांत जोडावर बर्फाची रेघ धरते, फोम पाणी पितो, पॅनल जड होतो आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

टोरांटोकर
बरं, रत्नागिरीपुरतं मान्य. म्हणजे ‘उबदार बाजू’ हा शब्द दोन्हीकडे बरोबर, चित्र तेवढं चूक. मग मृणालनी शब्द ठेवावा आणि चित्र बदलावं, झालं.

वऱ्हाडी_ठेचा
एवढ्यात नाही झालं. मे महिन्यात नागपूरला या. बाहेर ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के. आत वाळ्याचा कूलर, ३० अंश आणि ६५ टक्के. उबदार बाजू कोणती? बाहेरची. बाष्प कुठून कुठे चाललंय? आतून बाहेर! तुमची ‘उबदार बाजू’ इथे उलटी पडते. म्हणून मी म्हणतो ‘दमट बाजू’ लिहा.

ओळंबा
वऱ्हाडी, उदाहरण अचूक आहे. बाष्पाला ऊन-थंडी कळत नाही, ते जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, आणि नागपूरला कूलरच्या खोलीत आत दाब जास्त. पण त्या भिंतीत नुकसान काय होतं? कूलरच्या हवेचा दवबिंदू २३ च्या आत आणि भिंत बाहेरून ४५ ला तापलेली. बाष्प जातं आणि निघून जातं, पाणी कुठेच होत नाही. तिथे बॅरियर लागतच नाही. दमट बाजू उबदार असेल आणि पलीकडची बाजू तिच्या दवबिंदूखाली असेल, तेव्हाच तो लागतो. दोन्हींपैकी एकच शब्द घेतला तर अर्धी गोष्ट सुटते.

आणि टोरांटोकर, तुमच्याकडेही ‘नेहमी आतून’ इतकं निर्धास्त नाही. विटांचा दर्शनी थर पावसात भिजला आणि वर ऊन पडलं की ते पाणी बाष्प होऊन आत ढकललं जातं. घरात एसी चालू असेल तर तुमच्याच पॉलिथिनच्या मागच्या अंगाला ऑगस्टमध्ये थेंब सापडतात. दोन्ही ऋतू कडक असतील तिथे म्हणूनच नायलॉनची फिल्म वापरतात. ती कोरडी असताना १ पर्मच्या खाली राहते आणि दमट झाली की १० च्या वर उघडते. हिवाळ्यात अडवते, उन्हाळ्यात भिंतीला आत वाळू देते.

मृणाल
पर्म?

ओळंबा
किती बाष्प आरपार जातं ते मोजायचं अमेरिकी माप. पॉलिथिन ०.०६ पर्मच्या आसपास, साधा इमल्शन रंग काही पर्म. कॅनडाच्या नियमात मर्यादा ६० नॅनोग्रॅमची आहे, म्हणजे साधारण १ पर्म. तेवढ्याला ते ‘बॅरियर’ म्हणतात, पण थोडं बाष्प त्यातूनही जातंच. अमेरिकेत म्हणून ‘रिटार्डर’ म्हणतात आणि त्याचे तीन वर्ग करतात. तुमच्या पुस्तिकेत दोन्ही शब्द आले असतील तर ‘बाष्परोधक’ आणि ‘बाष्पमंदक’ असे वेगळे ठेवा.

टोरांटोकर
‘बाष्पमंदक’ हे मंदाग्नीवरचं चूर्ण वाटतं. आणि एक राहिलंच, ‘एअर बॅरियर’साठी वेगळा शब्द हवा. स्विचबोर्डाच्या डब्याभोवती बोटभर फट राहिली तर अख्ख्या पॉलिथिनमधून झिरपणार नाही इतकं बाष्प त्या फटीतून हवेबरोबर जातं. म्हणून आम्ही डब्यांमागे पिशवी बसवतो, कडेने सीलंट मारतो. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

ओळंबा
हे शंभर टक्के. ‘हवारोधक’ म्हणा. तो आत, बाहेर किंवा मध्ये कुठेही चालतो, सलग असला म्हणजे झालं. बाजूचा प्रश्न फक्त बाष्परोधकाला आहे. पुस्तिकेत हे दोन शब्द एकमेकांत मिसळले तर चित्र सुधारूनही उपयोग नाही.

दर्यावर्दी
म्हणजे रत्नागिरीत एसीच्या बेडरूमला आतून ग्लासवूल आणि प्लाय मारायचं असेल तर चंदेरी फॉइल कुठल्या अंगाला? दुकानदार म्हणतो खोलीकडे.

ओळंबा
भिंतीकडे. प्लायवर साधा इमल्शन मारा; सनमायका किंवा व्हायनिल नको. दोन्हीकडे फॉइल तर मुळीच नको, मध्ये अडकलेल्या पाण्याला वाटच राहत नाही. आणि तुमची पश्चिमेची भिंत असेल तर पाझर थांबेपर्यंत ग्लासवूललाच हात लावू नका.

मृणाल
मग असं लिहिते: ‘ज्या बाजूची हवा वर्षातला जास्त काळ अधिक उबदार आणि दमट असते, त्या बाजूला बाष्परोधक लावावा.’ आणि चित्रं दोन, विनिपेगचं आणि रत्नागिरीचं.

वऱ्हाडी_ठेचा
आणि नागपूरचं? आमच्याकडे मेमध्ये कूलर, जुलैत एसी.

शीतगृह
‘जास्त काळ’ला माझी हरकत आहे. खोलीचं काम ठरवतं, पंचांग नाही. आंबा पिकवायच्या खोलीत आत ऊब आणि दमट हवा, शेजारच्या शीतखोलीत थंड, मधली भिंत एकच.