वाचन मोहिमेच्या संत्र्याचं नाव काय ठेवायचं?

*ए-204 काकू:* नमस्कार सगळ्यांना. रविवारपासून पोरांची वाचन मोहीम सुरू होऊन राहिली आणि मोहिमेचं चिन्ह म्हणून ठरवलेल्या आपल्या संत्र्याचं नाव अजून ठरलं नाही. मी म्हणते "संत्रू" ठेवू, आपल्या नागपूरचं वाटते

*सी-302 दादा:* मस्त काकू, फायनल करा 👍

*बी-101 ताई:* काकू, नाव गोडच आहे पण लहानग्यांना जड जाईल हो. काल संध्याकाळी बागेत म्हणायला लावलं तर साडेतीन वर्षांची एक "तंतू" म्हणाली, दुसरा "छंतू", आणि मोठे पोट्टे हसले तर ती गप्पच बसली. मी बालवाडीत रोज पाहते, प ब म हे ओठांचे आवाज लवकर येतात, ओठ कसे मिटतात ते मुलांना समोर दिसतंही, र मात्र बऱ्याच जणांना उशिरा जमतो. इथं तर न, त, र तिघं एकाच ठिकाणी चिकटलेत. शिवाय पहिलीतल्या मुलांना जोडाक्षर अजून वाचताही येत नाही, म्हणजे बोर्डवरचं नाव त्यांना स्वतःहून वाचता येणार नाही.

*ए-204 काकू:* अगं बाई, हे लक्षातच नाही आलं. मग काय ठेवायचं?

*बी-101 ताई:* "पानू". संत्र्याच्या डोक्यावर पान असतं आणि पुस्तकालाही पान असतं. पा आणि नू, दोनच अक्षरं, जोडाक्षर नाही

*सी-302 दादा:* ताई पण आमच्याकडे हिंदी बोलतात, पान म्हटलं की पानठेलाच आठवते, पोरांच्या मोहिमेला ते बरं नाही दिसत

*बी-101 ताई:* बरोबर आहे दादा. म्हणून नुसतं नाव कुठंच लिहायचं नाही, चित्र सोबत पाहिजेच. आणि ते पान उघड्या पुस्तकासारखं काढायचं, मधे एक रेघ दिली की झालं.

*डी-403 आजोबा:* चित्र लहान पोरांना जमेल का? मागं गणेशोत्सवात वाघ काढायला दिला होता तर पट्टे काढता काढता अर्धे रडले.

*बी-101 ताई:* आजोबा, गोल तीन वर्षांच्या आसपास जमायला लागतो, त्रिकोणाला साधारण पाच वर्षं लागतात, म्हणून टोकदार काही ठेवलंच नाही. एक मोठा गोल, दोन ठिपके, एक हसू, वर पान, हातपाय चार रेघा. सकाळी आमच्या जिन्यातल्या सहा मुलांना एकदा दाखवून कागद झाकला. पाच जणांचं ओळखू आलं. सहाव्यानं पान बाजूला काढलं, तरी "पानू" म्हणूनच दाखवलं, मग मी नाही खोडलं

*ए-204 काकू:* मग संत्रू राहू दे, पानूच ठेवू. पण आपल्या सोसायटीत कोणाला घरी पानू म्हणून हाक मारतात का? नाहीतर त्या लेकराला रोज चिडवतील

*ई-201 आई:* आमच्या धाकटीला पिनू म्हणतो, पानू नाही. चालते 😊

*डी-403 आजोबा:* केशरी खडू मी सीताबर्डीवरून आणतो. पानासाठी हिरवे किती पाहिजे ते सांगा